इंजिनाने हवा ओढली किती? मॅप आणि मॅफ सेन्सरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की आमच्या गॅरेजात येणाऱ्या पेट्रोल गाड्यांची तक्रार बदलते. दुपारी गाडी गरम असताना सुरू होताना अडखळते, सकाळी तीच गाडी गुमान चालते. जानेवारीत वेगळंच काही निघतं. बहुतेक वेळा मूळ एकच असतं: पेट्रोल किती मारायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा, हवेचा हिशोब चुकलेला असतो. हा हिशोब करायच्या पद्धती दोन आहेत, आणि एकच बिघाड दोन्ही पद्धतींच्या गाड्यांत उलटी लक्षणं दाखवतो. हे लक्षात न घेतल्यामुळे किती चांगले सेन्सर भंगारात गेले असतील, कोण जाणे. गिऱ्हाइकं आणि हाताखालची पोरं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

इंजेक्टरने पेट्रोल मारायचं, त्यात हवा मोजायची भानगड कशाला?

कारण पेट्रोल हवेच्या वजनावर ठरतं. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते. हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई-२० ला साधारण १३.५ पट पुरते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो.

सिलिंडरचं आकारमान बदलत नाही, त्यातल्या हवेचं वजन मात्र रोज बदलतं. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांची हवा आणि मे महिन्याच्या दुपारची ४५ अंशांची हवा, दोन्हींचा दाब सारखा धरला तरी पहाटेची हवा सुमारे १२ टक्के जड भरते. हे ईसीयूला कळलं नाही, तर एका मोसमात पेट्रोल कमी पडेल, नाहीतर दुसऱ्यात वाया जाईल.

दोन पद्धती म्हणजे नेमकं काय?

एकीत हवा प्रत्यक्ष मोजत नाहीत, दाब आणि तापमानावरून तिचं वजन गणिताने काढतात. ही स्पीड-डेन्सिटी. दुसरीत हवा आत जाताना वाटेतच मोजतात. ही मास एअरफ्लो, म्हणजे आपली मॅफवाली.

दोन्ही जुन्याच. बॉशची १९६७ ची डी-जेट्रॉनिक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाच्या, दाबावर चालायची. त्यातला ‘डी’ जर्मन भाषेतल्या दाबाच्या शब्दाचा. काही वर्षांनी हवा मोजणारी एल-जेट्रॉनिक आली, तिचा ‘एल’ हवेचा. त्या काळी हवेच्या झोताने हलणारी झडप असायची, गरम तार नंतर आली.

माझ्या गाडीत कोणती आहे, हे कसं ओळखायचं?

बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा जाड पाइप शोधा. डब्याला लागून त्या पाइपात वायर जोडलेला सेन्सर घुसवलेला असेल, तर तो बहुधा मॅफ. तिथे काही नसेल आणि इनटेक मॅनिफोल्डवर चार पिनांचा छोटा सेन्सर असेल, तर तो मॅप आणि गाडी स्पीड-डेन्सिटीची. चार पिनांचा अशासाठी की दाब आणि हवेचं तापमान दोन्ही त्यातच मोजलं जातं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या याच जातीच्या. काही गाड्यांत दोन्ही सेन्सर असतात, तेव्हा ईसीयू एकाला दुसऱ्यावर तपासून पाहतो.

स्पीड-डेन्सिटीचं गणित एकदा आकडे घालून दाखवाल का?

दाखवतो. ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घेऊ. एका सिलिंडरचं आकारमान ०.२९९ लिटर. गाडी पाळधीच्या सरळ रस्त्यावर आरामात चालली आहे: २५०० आरपीएम, मॅनिफोल्डमधला दाब ५० किलोपास्कल, आत जाणाऱ्या हवेचं तापमान ४५ अंश. गणितात तापमान केल्विनमध्ये घ्यावं लागतं, म्हणजे ४५ मध्ये २७३ मिळवून ३१८.

```
density = MAP / (287 * T)
        = 50000 / (287 * 318) = 0.548 g/L
air     = density * volume * VE
        = 0.548 * 0.299 * 0.75 = 0.123 g
```

पहिल्या ओळीत मॅनिफोल्डमधली हवा किती दाट आहे ते निघतं. त्या दाटपणाची हवा सिलिंडरभर घेतली तर ०.१६४ ग्रॅम होते. पण सिलिंडर पुरता भरत नाही. व्हॉल्व्ह थोडाच वेळ उघडा असतो, मागचा जळका वायू थोडा आतच राहतो. म्हणून शेवटी ०.७५ ने गुणलं, म्हणजे ७५ टक्केच भरला असं धरलं. हातात आली ०.१२३ ग्रॅम हवा. ई-२० च्या हिशोबाने तिला सुमारे ९ मिलिग्रॅम पेट्रोल लागतं. तेवढ्यासाठी इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू ठरवतो.

यात ‘स्पीड’ कुठे आली? दोन ठिकाणी. एक, ७५ टक्के हा आकडा आरपीएमप्रमाणे बदलतो. दुसरं, दर सेकंदाला किती वेळा हवा ओढली जाते तेही आरपीएमवरच. २५०० ला चारही सिलिंडर मिळून मिनिटाला ५००० वेळा हवा ओढतात. त्याला ०.१२३ ने गुणून ६० ने भागलं की सेकंदाला १०.२ ग्रॅम. याच इंजिनाला मॅफ असता, तर स्कॅनरवर जवळपास हाच आकडा दिसला असता. हा १०.२ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तो ७५ टक्के कुठून आला? तो तर सेन्सरने मोजलेला नाही.

बरोबर पकडलंत. स्पीड-डेन्सिटीची सगळी मेख तिथेच आहे. दाब, तापमान, आरपीएम हे मोजलेले. भरण्याचा टक्का, ज्याला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात, तो मात्र कंपनीने नवंकोरं इंजिन डायनोवर, म्हणजे इंजिन तपासायच्या यंत्रावर, चालवून काढलेला आणि ईसीयूत तक्ता करून ठेवलेला. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला दाब, मधल्या चौकटीत टक्का.

म्हणजे ईसीयू असं धरून चालतो की तुमचं इंजिन आजही त्या डायनोवरच्या इंजिनासारखंच श्वास घेतं. टायमिंग चेन एक दात सरकली, टॅपेट ढिले झाले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून बसला, की तो तक्ता खोटा ठरतो. कन्व्हर्टर चोंदला तर जळका वायू बाहेर पडत नाही, नव्या हवेला जागा उरत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मात्र चढलेला असतो. ईसीयू तो दाब बघून म्हणतो, हवा भरपूर आली, मारा पेट्रोल. गाडीला पिकअप नाही, वर पेट्रोल जास्त. गिऱ्हाईक ‘मॅप सेन्सर गेला असेल’ म्हणून नवा घालून घेतो आणि फरक शून्य.

मॅफ सेन्सर हवा मोजतो म्हणजे काय करतो?

त्यात एक बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. सर्किट तिला येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवतं. हवा वाहिली की तार थंड होऊ लागते, तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला जास्त करंट द्यावा लागतो. किती करंट लागला, त्यावरून किती हवा गेली ते समजतं. चुलीवरचा तवा फुंकर मारल्याने थोडा निवतो, जोरात वारा लागला तर जास्त निवतो, तसंच.

गंमत अशी की हवा थंड झाली की ती दाटही होते आणि तार जास्त निववते, म्हणून सेन्सर थेट वजनच सांगतो. दाब, तक्ता, टक्का यांची गरज नाही. इंजिन जुनं झालं तरी चालतं. पण याचंही एक गृहीतक आहे: इंजिनात जाणारी प्रत्येक चिमूट हवा या तारेवरूनच गेली पाहिजे. मागच्या दाराने शिरलेल्या हवेचा त्याला पत्ता नसतो.

व्हॅक्युम पाइप फाटला तर दोन्ही गाड्यांत काय फरक पडतो?

याच एका प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसलो, म्हणून थोडा वेळ घेतो.

सावद्याचे एक आबा, केळीबागाईतदार, मॅफवाली जुनी सेडान घेऊन आले. म्हणाले, ‘दम धरत नही भाऊ. सिग्नलवर थरथर करते, हायवेला मात्र चांगली पळते.’ इंजिनाचा दिवा पेटलेला होता, कोड `P0171`, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. आधीच्या एका ठिकाणी त्यांना ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला होता.

स्कॅनरवर `LTFT` पाहिलं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन बघून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो, यालाच आम्ही ट्रिम म्हणतो. आयडलला २० च्या वर अधिक, २५०० आरपीएमला फक्त ४. आकड्यांची ही जोडीच रोगाचं नाव सांगते.

का, ते हिशोबाने बघा. आयडलला इंजिनाला सेकंदाला साधारण १.७ ग्रॅम हवा हवी असते. ब्रेक बूस्टरच्या पाइपाला चीर पडून त्यातून ०.३ ग्रॅम आत येते असं धरा. आयडल जागेवर राहावा म्हणून ईसीयू थ्रॉटल थोडा मिटतो, त्यामुळे मॅफवरून १.४ ग्रॅमच जाते. पेट्रोल १.४ चं पडतं, हवा १.७ ची जळायला उभी. तूट भरायला २१ टक्के जादा पेट्रोल लागतं. आता रेस वाढवून २५०० ला न्या. चिरेतून हवा जवळपास तेवढीच, ०.३. पण एकूण हवा १०.२. तूट ३ टक्क्यांवर आली. म्हणून सिग्नलला थरथर आणि हायवेला राजा.

धूर सोडून पाहिलं, बूस्टरच्या पाइपाच्या वाकाशीच रबर तडकलेलं. उन्हात आणि इंजिनाच्या धगीत इथलं रबर लवकर कडक होतं. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं बोलत होता, म्हणून त्याच्यावरच आळ आला.

आता हीच चीर स्पीड-डेन्सिटीच्या गाडीत पडली तर? ईसीयूला हवा कुठून आली याच्याशी देणंघेणं नाही. मॅनिफोल्डमध्ये दाब किती, एवढंच तो बघतो, आणि चिरेतली हवाही त्या दाबात धरलेली असते. पेट्रोल बरोबर पडतं, `LTFT` शून्याच्या आसपास राहतं, कोडही येत नाही. आयडलला थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेला दिसेल, एवढंच. भोक मोठं असेल आणि थ्रॉटल पुरता मिटूनही हवा जास्तच येत असेल, तर आयडल चढतो. एका छोट्या हॅचबॅकचा व्हॅक्युम पाइप सर्व्हिसिंगनंतर लावायचा राहून गेला होता, ती १३०० आरपीएमवर गुरगुरत होती आणि ट्रिम अगदी स्वच्छ.

म्हणून मॅपवाल्या गाडीत ट्रिम चांगलं आहे यावरून ‘हवा कुठे लीक नाही’ असं कधीच म्हणू नका.

गाडी उभी असताना ठीक, गिअरमध्ये रेस दिली की झटके. यातही लीकच का?

मॅफवाली असेल तर पहिला संशय मॅफ आणि थ्रॉटलमधल्या घडीच्या रबरी पाइपावर घ्या. इंजिन जोर लावताना माउंटिंगवर झुकतं, पाइप ताणला जातो आणि घडीतली चीर तोंड उघडते. उभ्या गाडीत ती मिटलेली असते, वरून दिसत नाही. पाइप काढून हाताने ताणून पाहा, प्रत्येक घडीच्या आत.

मे महिन्यात ढाब्यावर अर्धा तास थांबलो, नंतर गाडी सुरू होऊन अडखळते. का?

इंजिन चालू असताना हवा सतत वाहते, तापमानाचा सेन्सर तिच्याच बरोबरीने राहतो. बंद केल्यावर बॉनेटखालची सगळी धग मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि त्याच्यावर बसलेला सेन्सर भाजून निघतो. अर्ध्या तासाने तो ७० अंश दाखवतो, आत येणारी हवा मात्र ५० चीच असते. गणितात तापमान खाली भागायला आहे, म्हणून ईसीयू हवा ६ टक्के कमी धरतो आणि पेट्रोलही तेवढंच कमी मारतो. त्यात गरम पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असतेच. गाडी मिनिटभर अडखळते, हवा वाहू लागली की सेन्सर निवतो आणि सगळं जागेवर येतं. मिनिटभरात सावरत असेल तर हा बिघाड नव्हे. पण सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीत चावी फिरवून स्कॅनरवर `IAT`, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान, पाहा. बाहेर २५ अंश असताना तो ४० दाखवत असेल, तर सेन्सर खरंच गेला आहे.

मॅफवाल्या गाडीत सेन्सर एअर फिल्टरजवळ, धगीपासून लांब असतो, म्हणून हा त्रास कमी.

शहाद्याहून तोरणमाळला चढताना सेन्सरला उंची कळते का?

कळते. जळगाव-शहाद्याकडे हवेचा दाब मोसमाप्रमाणे ९७ ते ९९ किलोपास्कल असतो. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, तिथे तो ८८ च्या आसपास. मॅफला काही सांगावं लागत नाही, विरळ हवा तार कमी निववते. मॅपही विरळ हवा दाबात पकडतोच. एक बारकावा आहे: उंचावर सायलेन्सरच्या तोंडाशीही दाब कमी असतो, जळका वायू सहज बाहेर पडतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये तेवढ्याच दाबाला सिलिंडर किंचित जास्त भरतो. त्यासाठी ईसीयू बाहेरच्या दाबाचा हिशोब वेगळा ठेवतो.

यातून एक फुकटची चाचणी मिळते. इंजिन बंद, चावी फक्त ऑन. `MAP` बाहेरचाच दाब दाखवायला हवा. जळगावात तो ८८ दाखवत असेल, तर तुमचा सेन्सर तोरणमाळला जाऊन बसलाय.

मॅफ घाण झाला हे कसं समजायचं?

आपल्याकडे धूळ आहेच, जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू फिल्टरला गच्च बसतात. फिल्टर फाटका असेल किंवा तेलात भिजवायचा असेल, तर ती घाण तारेवर जाऊन बसते. तारेला गोधडी पांघरल्यासारखं होतं. ती पुरेशी निवत नाही, सेन्सर हवा कमी सांगतो, आणि हा कमीपणा भरपूर हवा वाहताना जास्त जाणवतो. म्हणजे लीकच्या अगदी उलट: रेस वाढवाल तसं ट्रिम अधिककडे चढतं.

खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या आणि शेजारी बसलेल्याला ४००० आरपीएमचा आकडा टिपायला सांगा, स्वतः स्कॅनरकडे बघू नका. आपल्या ११९७ सीसीच्या इंजिनाने मे महिन्यात, ९० टक्के भरणा धरून, सेकंदाला ३८ ग्रॅमच्या आसपास हवा ओढायला हवी. ती २८ दिसली तर दोनच शक्यता: सेन्सर कमी सांगतोय, किंवा हवाच कमी येतेय. रोजच्या चालण्यातलं ट्रिम बरंच अधिक असेल तर सेन्सर खोटा. ट्रिम शून्याजवळ असेल तर सेन्सर खरा आहे, चोंदलेला फिल्टर किंवा कन्व्हर्टर शोधा.

साफ करायला मॅफचाच स्प्रे वापरा. कार्बोरेटर क्लीनर नको, ब्रश नको, कापसाचा बोळा तर नकोच. तार केसापेक्षा नाजूक असते.

एकदम रेस दिली की कोण लवकर ओळखतो?

मॅफ जास्तच ओळखतो. थ्रॉटल उघडताच आधी रिकामं मॅनिफोल्ड भरतं. मॅनिफोल्ड दोन लिटरचं धरलं आणि दाब ३५ वरून ९५ ला गेला, तर नुसतं ते भरायलाच सुमारे १.३ ग्रॅम हवा लागते. मॅफने ती मोजली, सिलिंडरला मिळाली नाही. ईसीयू ती वजा करतो. मॅप सिलिंडरच्या दाराशीच असल्याने हा घोळ त्याच्यात नाही, पण सेन्सर दाब सांगेपर्यंत व्हॉल्व्ह मिटत आलेला असतो, म्हणून तिथे थ्रॉटल किती झपाट्याने उघडला ते बघून थोडं पेट्रोल आगाऊ मारतात.

मॅफचा प्लग काढला की गाडी बरी चालते. तसाच काढून ठेवू का?

नको. प्लग काढल्यावर ईसीयू थ्रॉटल आणि आरपीएमवरून अंदाजाने हवा धरतो. अंदाज असूनही गाडी सुधारली, तर एवढंच सिद्ध झालं की मॅफचा आकडा खऱ्या हवेशी जुळत नव्हता. तार घाण असेल तरी असं होतं, पाइपाला चीर असेल तरी होतं. म्हणून प्लग काढून सुधारली म्हणून लगेच सेन्सर मागवू नका, आधी धूर सोडून बघा. सावद्याच्या आबांची गाडीही प्लग काढल्यावर सुधारली होती.

ई-२० सुरू झाल्यापासून सगळ्याच जुन्या गाड्यांचं ट्रिम अधिक दिसतं. सगळेच सेन्सर बिघडले का?

नाही. हवेचा हिशोब बरोबर आहे, इंधनाचा गुणक बदलला आहे. १४.७ धरून बनवलेल्या ईसीयूला ई-२० वर ८-९ टक्के जास्त इंधन मारावंच लागतं. ओळखायची खूण अशी: आयडल, २५०० आणि हायवे, तिन्हीकडे ट्रिम जवळपास सारखंच अधिक. आयडलला जास्त असेल तर लीक, वर जास्त असेल तर मॅफ किंवा पेट्रोल पंपाचा दाब. आणि हे ८-९ टक्के पायाशी असल्यामुळे, जुन्या गाडीत एरवी खपून गेली असती अशी छोटी चीरही आता `P0171` चा दिवा पेटवते.